कोरेगाव की गोरेगाव? एका बालपणाचे पाठभेद

प्रश्न: मुलीच्या प्रकल्पासाठी बाबासाहेब आंबेडकरांची दोन चरित्रं वाचली, एक इंग्रजी आणि एक मराठी. मोठेपणीचं सगळं जुळतं, पण लहानपण जुळत नाही. इंग्रजीत वडील कोरेगावला नोकरीला होते, मराठीत गोरेगावला. इंग्रजीत गुरुजींनी त्यांना स्वतःचं आडनाव दिलं, मराठीत आडनाव गावावरून आलं. इंग्रजीत वाटतं की नवव्या वर्षी शाळा सुरू झाली, मराठीत त्याआधीही शाळा आहे. असं का होतं आणि धरायचं काय?

उत्तर:

चरित्रांचं संपादन आणि भाषांतर तपासणं हे माझं बावीस वर्षांचं काम आहे. तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी पहिलीवर मी स्वतः आपटलेलो आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणत होतो. त्यात छोट्या भीमाच्या बैलगाडीच्या प्रवासाचा प्रसंग होता. वडील कोरेगावला, मुलं साताऱ्याला, सुट्टीत रेल्वेने वडिलांकडे निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. मी ‘कोरेगाव’ लिहिलं आणि पुढे गेलो. मुद्रितं दोनदा वाचली, तरी काही खटकलं नाही. पुस्तक आल्यावर खटाव तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ते म्हणाले, “साहेब, मुलं मसूरला का उतरली हो? कोरेगावला जायचं तर कोरेगावलाच उतरायचं ना!” मी नकाशा काढला आणि कपाळाला हात लावला.

बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः इंग्रजीत लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आठवणी आहेत. त्यात घटना साधारण 1901 सालची म्हणून दिली आहे. आई वारलेली होती. वडील रामजी लष्करातून निवृत्त होऊन दुष्काळी कामावर खजिनदार होते. तिथे सरकारने तलाव खोदायचं काम काढलं होतं, उपाशी माणसांना मजुरी मिळावी म्हणून. इंग्रजी मजकुरात या गावाचं नाव इंग्रजी ‘के’ने सुरू होतं, त्यामुळे ते ‘कोरेगाव’ असंच वाचलं जातं. मात्र त्याच वाक्यात पुढे ‘खटाव तालुका’ असं स्पष्ट आहे, आणि मेख इथेच आहे. सातारा जिल्ह्यातलं प्रसिद्ध कोरेगाव स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे, ते खटाव तालुक्यात कसं असेल? खटाव तालुक्यात आहे ते गोरेगाव.

दुसरा पुरावा रेल्वेचा. साताऱ्याच्या बाजूने कऱ्हाडकडे निघालेल्या गाडीला आजच्या मार्गावर आधी कोरेगाव लागतं, मग रहिमतपूर, आणि मसूर त्याच्याही पुढे. वडील कोरेगावला असते तर मुलं वडिलांच्या गावावरून पुढे जाऊन, परक्या स्थानकात उतरून, रात्रभर बैलगाडीने उलट मागे आली असती. तसं कोणी करत नाही. मसूरहून पूर्वेकडे खटावच्या बाजूला जायचं असेल तरच मसूरला उतरण्यात अर्थ आहे. बाबासाहेबांनी उतरायच्या स्थानकाचं नाव बरोबर दिलं, तालुका बरोबर दिला, आणि गावाच्या नावात मात्र एक अक्षर इकडचं तिकडे झालं. ते त्यांच्या हातून झालं की पुढे टंकात, यावर वाद घालण्यात मला रस नाही, कारण बाकीचे दोन तपशील निकाल देतात. जुन्या मराठी पुस्तकांत ‘गोरेगाव’ आहे, कारण ती माहिती कागदावरून नव्हे तर माणसांच्या तोंडून आलेली होती. बोलताना ‘क’ आणि ‘ग’ यांची गल्लत सहसा होत नाही.

आता पुढची गंमत बघा. इंग्रजीतलं ‘कोरेगाव’ वाचणाऱ्या बाहेरच्या वाचकाला एकच कोरेगाव माहीत असतं, पुणे जिल्ह्यातलं भीमा कोरेगाव, जिथे बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी गेले होते. मग कोणीतरी तळटीप देतं की या गावाशी त्यांचं नातं बालपणापासूनचं. हे मी एका हस्तलिखितात प्रत्यक्ष पाहिलं आहे आणि लाल पेनाने खोडलं आहे. एका अक्षराची चूक अशी प्रतीकाच्या वाटेला लागते.

याला आम्ही लोक पाठभेद म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमध्ये ओवी वेगवेगळी सापडली की अभ्यासक आधी विचारतात, ही पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली? चरित्रांनाही तोच प्रश्न विचारायचा. ‘इंग्रजी चरित्र खरं की मराठी’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाची वंशावळ मांडा. यातला बराचसा गोंधळ तिथेच मिटतो.

आंबेडकर चरित्राच्या बाबतीत ही वंशावळ बरीच सरळ आहे. चांगदेव खैरमोडे यांच्या मराठी चरित्राचा पहिला खंड 1952 साली आला, बाबासाहेब हयात असताना. पुढे त्याचे अनेक खंड झाले. धनंजय कीर यांचं इंग्रजी चरित्र 1954 साली आलं, तेही बाबासाहेबांच्या हयातीतच. पुढे कीरांनी त्याचं मराठी रूपही सिद्ध केलं. आणि मी वर सांगितलेल्या इंग्रजी आठवणी लिहिल्या गेल्या 1930 च्या दशकात, पण छापून वाचकांसमोर आल्या 1990 साली, पुस्तिकेच्या रूपात. नंतर त्या महाराष्ट्र शासनाच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात आल्या, 1993 साली.

या तारखा शेजारी ठेवल्या की लक्षात येतं, खैरमोडे आणि कीर या दोघांनी लिहिलं तेव्हा ही पुस्तिका बाजारात नव्हती. प्रवासाचा प्रसंग दोन वाटांनी वाचकांपर्यंत आला. एक वाट बाबासाहेबांनी जवळच्या माणसांना सांगितलेल्या गोष्टींची, दुसरी 1990 नंतर त्यांच्या लिखित शब्दांची. तुमच्या हातातलं इंग्रजी पुस्तक 1990 नंतरचं असेल तर त्यातलं बालपण बहुधा पुस्तिकेवरून उतरलेलं असणार. मराठी पुस्तक जुन्या धाटणीचं असेल तर त्याची मुळं 1950 च्या दशकात आहेत. म्हणजे तुम्ही दोन भाषा ताडून पाहत नव्हता, दोन वाटा ताडून पाहत होता.

हे पटवण्यासाठी तोच प्रवास जरा जवळून बघू. लिखित आठवणीत क्रम असा आहे. वडिलांना भेटायचं म्हणून मुलांना नवे कपडे शिवले होते, विलायती कापडाचे सदरे, चमकीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. गाडी संध्याकाळी मसूरला पोचली. वडिलांनी पाठवायचा म्हटलेला माणूस आलाच नाही. फलाटावर एकटीच राहिलेली ही चुणचुणीत पोरं पाहून स्टेशनमास्तरने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाची वाटली होती. ‘तुम्ही कोण?’ म्हटल्यावर छोट्या भीमाने विचार न करता ‘महार’ म्हणून सांगून टाकलं. मास्तरचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या भाड्याच्या उभ्या होत्या, पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि कोणी न्यायला तयार होईना. शेवटी सौदा ठरला. भाडं दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

चरित्रांतून आणि भाषणांतून जे रूप जास्त पसरलं आहे ते वेगळं आहे. त्यात मुलं गाडीत बसतात, गाडी थोडी पुढे जाते, वाटेत गाडीवानाला जात कळते आणि तो संतापून मुलांना खाली उतरवतो. त्यानंतर दुप्पट भाड्याचा सौदा. तुम्हाला दोन्ही रूपं इंग्रजीतही सापडतील आणि मराठीतही. भाषा हे कारण असतं तर असं झालं नसतं.

मला स्वतःला लिखित रूप जास्त विश्वासाचं वाटतं. ते स्वतःच्या हातचं आहे, एवढ्याच कारणाने नाही. आठवण लिहिणाराही चुकतो, कोरेगावचं उदाहरण आत्ताच पाहिलं. पण त्यात स्वतःकडे घेतलेला एक दोष आहे. ‘मीच न विचार करता बोलून गेलो’ हे तो मुलगा सांगतो. सांगोवांगीत प्रसंग घासला जातो तेव्हा असे अडखळते, मुलाच्या बाजूने ओशाळे तपशील आधी गळतात आणि संताप, ढकलणं, रस्त्यावर पडणं हे नाट्य वाढतं. लिखित आठवणीत पुढे जकातनाक्यावरचा माणूसही आहे. गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे मुलाने मुसलमान असल्याचं सांगून अस्खलित उर्दूत पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. लष्करी छावणीत वाढलेल्या सुभेदाराच्या मुलाला चांगलं उर्दू येणं हा तपशील कोणी सजावटीसाठी जोडणार नाही. असा विनाकारण आलेला, पण परिस्थितीला चपखल बसणारा तपशील सापडला की मी त्या पाठाला जास्त वजन देतो.

आणि काळही जुळतो. घटना उन्हाळी सुट्टीतली, साल साधारण 1901. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलातला प्रवेश नोव्हेंबर 1900 चा. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात दुष्काळ होता आणि तलावाची कामं निघत होती. तीन वेगळ्या ठिकाणची माहिती एकाच वर्षाकडे बोट दाखवते, म्हणून इथे मी निर्धास्त आहे.

आता आडनाव. इथे वंशावळीच्या जोडीला ऐकणारा कोण, हा दुसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तफावत त्यातूनच निघते.

इंग्रजी आठवणींच्या सुरुवातीलाच बाबासाहेब सांगतात की परदेशी लोकांना अस्पृश्यता आहे हे माहीत असतं, पण ती शेजारी नसल्यामुळे तिचा जाच त्यांना कळत नाही. म्हणजे वाचक ठरलेला आहे, आणि त्या वाचकाला पटवायचं काय तेही ठरलेलं आहे. मग निवडही तशीच झाली आहे. शाळेत बसायला घरून नेलेला गोणपाटाचा तुकडा आहे, आणि तो धुवायला शाळेचा गडी हात लावत नाही. नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. साताऱ्यात न्हावी होते, पण केस मात्र बहीणच कापायची. या बालपणात आंबेडकर मास्तर नाहीत.

तेच बाबासाहेब मराठीत आपल्या माणसांसमोर लहानपण सांगतात तेव्हा त्यात आंबेडकर नावाचे मास्तर येतात. मधल्या सुट्टीत पोरगं जेवायला लांब घरी जातं हे त्यांना बरं वाटत नसे, म्हणून ते आपल्यातली भाजी-भाकरी त्याला देत. देताना मात्र शिवाशीव नको म्हणून वरून हातावर टाकत. त्याच मास्तरांनी आडनाव बदललं असं बाबासाहेब सांगत, आणि पुढे गोलमेज परिषदेला निघताना त्यांचं पत्र आल्याचंही सांगत. इथे समोरचे ऐकणारे ती शिवाशीव रोज भोगत होते, त्यांना ती सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती. म्हणून तिथे माया आली, आणि हातावर वरून पडणारी भाकरी एका वाक्यात आली.

एकाच माणसाने दोन श्रोत्यांना दोन बालपणं सांगितली, आणि दोन्ही खरी आहेत. चरित्रकार ज्या बाजूने शिरला, ती बाजू त्याच्या पुस्तकात मोठी झाली. मराठी शालेय पुस्तकांतून भाकरी उरते आणि ‘वरून टाकत’ हे दोन शब्द अनेकदा गळतात, याची मात्र मला चीड आहे. ते दोन शब्द गेले की गोष्टच बदलते.

आडनावाच्या कथेत भाषांतराने आणखी एक गुंता केला. घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, आज ते मंडणगड तालुक्यात येतं. इंग्रजी आठवणीत मात्र बाबासाहेब आपलं मूळ दापोली तालुक्यातलं सांगतात, त्यामुळे तालुक्यावरूनही पुस्तकं भांडतात. अशा वेळी आजचा नाही, त्या काळचा महसुली नकाशा उघडायचा. गावावरून आडनाव आंबडवेकर, आणि उच्चारात आंबावडेकरही. कोकणातल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. कुळाचं आडनाव एक, गावाचं दुसरं, आणि शाळेच्या दाखल्यावर यातलं कोणतं पडेल ते नाव घालणाऱ्यावर. रामजींनी शाळेत सकपाळ न लावता गावाचं लावलं. मास्तरांना ते लांबलचक वाटलं, त्यांनी ते आपल्यासारखं सुटसुटीत केलं. आंबडवेकर म्हणून बघा आणि मग आंबेडकर म्हणून बघा, जिभेला काय झालं ते कळेल.

इंग्रजी वाचकाला ‘कर’ म्हणजे काय हे माहीत नाही, गावाचं नाव ओळखीचं नाही. मग तिथे वाक्य होतं, ‘त्याच्या ब्राह्मण शिक्षकाने त्याला स्वतःचं आडनाव दिलं.’ हे चूक नाही, पण मराठीतला अर्धा भाग यात बुडाला. गाववाचक आडनाव आधीच होतं आणि नव्या नावाचा नाद जुन्याशी जुळणारा होता, हे गेलं. उरली ती दानाची गोष्ट. याला उत्तर म्हणून मराठीत काही लेखक दुसऱ्या टोकाला जातात आणि मास्तरांना कथेतूनच काढून टाकतात, नाव गावावरूनच आलं म्हणतात. तुमच्या हातातलं मराठी पुस्तक बहुधा या पठडीतलं. मास्तर काढले तर बाबासाहेबांच्याच तोंडच्या आठवणीचं काय करायचं, हे मग ते सांगत नाहीत.

मास्तरांच्या नावाचीही तीच गत. मराठीत सहसा कृष्णाजी केशव आंबेडकर असं नाव दिलेलं आढळतं, तर इंग्रजीतल्या छोट्या परिचयांत महादेव आंबेडकर फिरतं. ज्या पुस्तकात महादेव दिसेल ते इंग्रजी परिचयांवरून उतरवलं आहे, असा मी अंदाज बांधतो आणि बाकीचे तपशील जरा जास्त बारकाईने तपासतो. पोथीत एखादी विशिष्ट चूक सापडली की तिची आई ओळखू येते, तसंच हे.

यावर कागदाचा पुरावा काय म्हणतो? साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, नोंदवहीत 7 नोव्हेंबर 1900 या तारखेला 1914 क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. ही नोंद दोन गोष्टी सांगते आणि एक सांगत नाही. पहिली गोष्ट, मुलाचं नाव त्या वेळी भिवा होतं. पुढच्या चरित्रांत तो जन्मापासूनच भीमराव असतो, कारण मोठेपणीचं नाव मागे नेऊन लावण्याची सवय सगळ्याच भाषांतल्या चरित्रकारांना असते. दुसरी गोष्ट, या हायस्कुलात नाव पडतानाच आडनाव आंबेडकर आहे. म्हणजे मास्तरांनी ते बदललं असेल तर एक तर प्रवेशाच्याच वेळी किंवा त्याआधीच्या शाळेत. हायस्कुलात काही वर्षं गेल्यावर मास्तरांचा लळा लागला आणि मग नाव बदललं, असं जी पुस्तकं रंगवतात, त्यांची गोष्ट या नोंदीपुढे टिकत नाही. नोंद जे सांगत नाही ते म्हणजे नाव कोणी आणि का बदललं. ते फक्त आठवणीतच आहे. कागद आणि आठवण यांना एकमेकांची कामं सांगू नयेत.

तुमचा तिसरा मुद्दा याच नोंदीतून सुटतो. 7 नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आणि त्यानिमित्त ‘बाबासाहेबांचा शाळेतला पहिला दिवस’ असं सर्रास लिहिलं जातं. हिशेब करा. जन्म 14 एप्रिल 1891, प्रवेश नोव्हेंबर 1900, म्हणजे साडेनऊ वर्षं पूर्ण. लष्करी शिक्षणाची परंपरा असलेल्या, स्वतः पोरांचा अभ्यास घेणाऱ्या सुभेदाराचा मुलगा साडेनऊ वर्षांपर्यंत शाळेबाहेर कसा राहील?

उत्तर एका शब्दात आहे, ‘इंग्रजी पहिली’. त्या काळी मूल आधी मराठी शाळेत मराठी इयत्ता करायचं आणि मग हायस्कुलात इंग्रजी पहिलीला बसायचं. घरातल्या जुन्या माणसांकडून ‘मी मराठी चौथी झालो, मग इंग्रजी पहिली’ असं तुम्ही ऐकलं असेल. भिवाचं नाव या हायस्कुलात इंग्रजी पहिलीत पडलं. मराठी शाळा त्याआधीच झाली होती. इंग्रजीत हे नेताना भाषांतरकार ‘पहिली इयत्ता’ एवढंच लिहितो, कारण इंग्रजी पुस्तकात ‘इंग्रजी पहिली’ हा शब्द विचित्र दिसतो. झालं! पाचवीत गेलेला मुलगा पहिलीत बसला. मग त्यावर कोणी लिहितो की अस्पृश्य म्हणून त्याला नऊ वर्षं शाळेतच घेतलं नाही. अन्याय खरा होता, वर्गात तो गोणपाटावर वेगळा बसतच होता. पण हा विशिष्ट अन्याय भाषांतरातून जन्मला आहे. विरोधकाच्या हातात असा तपशील सापडला की तो त्या आधारे खऱ्या गोष्टीही खोट्या ठरवायला बघतो, म्हणून मी यावर जरा हटून बसतो.

‘धरायचं काय’ याचं उत्तर म्हणून तुमच्या मुलीच्या प्रकल्पापुरतं सांगतो. प्रवासाच्या प्रसंगात गाव गोरेगाव, तालुका खटाव, उतरायचं स्थानक मसूर, साल साधारण 1901 लिहा. इंग्रजी छापील मजकुरात कोरेगाव आहे हेही एका ओळीत सांगा, म्हणजे बाईंनी इंग्रजी पुस्तक उघडलं तर मुलगी चुकली असं त्यांना वाटणार नाही. आडनावासाठी दोन्ही वाटा एकत्र लिहा. गावावरून आंबडवेकर आणि मास्तरांमुळे आंबेडकर, यात भांडण नाहीच. नोंदवहीतलं नाव जसंच्या तसं, भिवा, असं लिहा. शाळेबद्दल ‘7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी पहिलीत प्रवेश’ एवढंच वाक्य पुरेसं आहे, ‘पहिला दिवस’ म्हणू नका.

प्रकल्पात जागा उरली तर तिला एक तक्ता करायला सांगा. डावीकडे प्रसंग, मधे तो ज्या पुस्तकात आहे त्याचं छपाईचं साल, उजवीकडे तो प्रसंग लेखकाला कुठून कळला. तिसरा रकाना भरताना ती अडेल, कारण बरीच पुस्तकं ते सांगतच नाहीत. जिथे अडेल तिथे रकाना रिकामाच ठेवू द्या, भरायला सांगू नका. आणि शक्य असेल तर सातारा जिल्ह्याचा नकाशा चिकटवा, त्यावर मसूरपासून खटावकडे पेन्सिलीने रेघ मारा आणि कोरेगावला गोल करा. माझ्या त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तेच केलं होतं, आणि पहिली प्रत खटावच्या त्या गुरुजींना पाठवली. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. मजकूर एवढाच: ‘गाव जागेवर आलं. पान 31 वर मसूरचा ‘म’ गळला आहे.’